छोट्या इमारतीचं वर्षभराचं मेंटेनन्स वेळापत्रक : टाकी, प्लंबिंग, वायरिंग, पेस्ट कंट्रोल. आधी काय, नंतर काय?

नवासचिव
नमस्कार मंडळी. आमची इमारत चार मजली, १४ फ्लॅट, वय २२ वर्षं. या वर्षी सेक्रेटरीपद माझ्याकडे आलंय. आधीच्या फायलीत बिलं भरपूर आहेत पण कुठलं काम कधी करायचं याचा एकही कागद नाही, काही बिघडलं की माणूस बोलवायचा एवढीच पद्धत दिसते. म्हणून मी एक वेळापत्रक करायला घेतलंय.

माझा विचार असा की पाऊस सुरू व्हायच्या आधीचा एक आठवडा धरायचा आणि सगळं त्यातच उरकायचं. सोमवारी पेस्ट कंट्रोल (तळमजल्यावर वाळवी आहे, त्यामुळे पार्किंगच्या कडेने ड्रिल मारून औषध भरायचंय), मंगळवारी खालची आणि वरची टाकी धुणं, बुधवारी प्लंबर, गुरुवारी इलेक्ट्रिशियन. लोकांना एकदाच त्रास. मग पाऊस संपल्यावर टाकी पुन्हा एकदा. बाकी वर्षभर काही नाही.

हे बरोबर आहे का? काही राहतंय का?

गच्चीवाला
गच्चीवरच्या पावसाच्या पाइपांची तोंडं राहिली. जाळी लावा आणि पहिल्या पावसाआधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच दुसऱ्यांदा साफ करा, कारण वर्षभराचा कचरा त्या पहिल्या पावसातच वाहून तोंडाशी येतो. बाकी उत्तम.

चिंतातुर_तळमजला
आमच्या खालच्यांकडे आमच्या बाथरूममधून ओल येते. कुठलं केमिकल लावू? फरश्यांच्या फटीत भरायचं एक पांढरं मिळतं ते चालेल का?

मुग्धा_
@चिंतातुर_तळमजला, तुमचा प्रश्न वेगळ्या धाग्याचा आहे हो, पण आधी बघा की ओल रोज सारखीच असते की आंघोळीनंतर वाढते. रोज सारखी असेल तर दाबाच्या पाइपची गळती आणि आंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा फरशीचे सांधे. पहिल्या प्रकारात फटीत काहीही भरून उपयोग नाही.

@नवासचिव, यादी छान आहे. आमच्याकडे टाकी दर तीन महिन्यांनी धुतात, तुम्ही वर्षातून दोनदाच म्हणताय, ते कमी वाटतं.

पानापक्कड
नवासचिव, तुमचा सोमवार आणि मंगळवार बघून लिहायला बसलो. ३० वर्षं प्लंबिंगची कामं बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, रागावू नका.

तुमची खालची टाकी गळते की नाही हे तुम्हाला माहीत आहे का? २२ वर्षं जुनी जमिनीखालची टाकी आहे. तिच्या शेजारी पार्किंगच्या कडेने भोकं पाडून तुम्ही जमिनीत वाळवीचं औषध भरणार. वाळवीसाठी साधारण फूटभर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध ओततात, ते मातीत पसरावं म्हणूनच ओततात. ते टाकीच्या भिंतीपर्यंत पोचलं आणि भिंतीला चीर असली तर ते कुठे जाईल याचा विचार करा. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही टाकी रिकामी करणार, म्हणजे आतून पाण्याचा दाबही नाही. बाहेर ओली माती, आत रिकामी टाकी. अशा वेळी बाहेरचं पाणी आत यायला सगळ्यात सोपं.

तेव्हा आधी टाकीची गळती तपासा, मग टाकीचं काम, त्यानंतर वाळवी. आणि टाकीच्या जवळची बाजू पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवून तिथे औषध भरायचं नाही असं लेखी द्या. तिथे वाळवीची माती दिसली तर ती खरवडून वरून उपाय करायचे, जमिनीत ओतायचं नाही.

नवासचिव
पानापक्कडकाका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पेस्ट कंट्रोलवाला पाहणी करून गेला, त्याने टाकी कुठे आहे विचारलंसुद्धा नाही. गळती तपासायची कशी? वरून बघितलं तर टाकी ठीक दिसते, बाहेर कुठे ओल नाही.

जलबिंदू
टीडीएस मीटर घ्या, छोटं पेनासारखं मिळतं. येणाऱ्या पाण्याचं आणि टाकीतल्या पाण्याचं रीडिंग घ्यायचं, सारखं आलं की टाकी शुद्ध. आम्ही दर महिन्याला करतो.

पानापक्कड
@जलबिंदू, टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. गटाराचं थोडं पाणी मिसळलं तर रीडिंग फारसं हलत नाही आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. रीडिंगमध्ये मोठा फरक आला तर काहीतरी मिसळतंय हे नक्की, तेवढा उपयोग आहे. पण फरक नाही म्हणून टाकी शुद्ध, हा निष्कर्ष चुकीचा.

त्यापेक्षा क्लोरीन तपासायचं किट घ्या, थेंब टाकून रंग बघायचा. येणाऱ्या नळाच्या पाण्यात रंग येतो आणि टाकीतल्या पाण्यात अजिबात येत नाही असं झालं तर टाकीत काहीतरी क्लोरीन खातंय. गाळ असेल किंवा बाहेरचं घाण पाणी असेल. टाकीत पाणी नुसतं साठून राहिलं तरी क्लोरीन हळूहळू कमी होतो, म्हणून ताजं पाणी भरल्यावर तासाभरात बघायचं.

आता गळतीची चाचणी. रात्री अकराला पंप बंद, पॅनेलवरचं ऑटो बंद करून मॅन्युअलला आणायचं, येणारा व्हॉल्व्ह बंद. टाकीवरून बागेला किंवा गाडी धुवायला नळ असेल तर तोही बंद. एक सरळ पट्टी किंवा पाइप टाकीच्या तोंडातून तळापर्यंत उभा धरायचा, पाण्याची रेघ खडूने मारायची. पहाटे पाचला पुन्हा. टाकी झाकलेली असते त्यामुळे एका रात्रीत वाफ होऊन पाणी कमी झालं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

टाकीची लांबी रुंदी मोजून ठेवा. ३ मीटर बाय अडीच मीटर असेल तर पातळी १ सेंटीमीटर उतरली म्हणजे ७५ लिटर गेले. आकडा डोळ्याला छोटा दिसतो, म्हणून लिटरमध्ये लिहा, मीटिंगमध्ये लोकांना तेच कळतं.

रानवाट
पण पानापक्कडकाका, टाकी थोडीफार गळली तर काय बिघडलं? आमचीही गळते, पाणी पुष्कळ येतं, कोणी मनावर घेतलं नाही इतकी वर्षं.

पानापक्कड
@रानवाट, उन्हाळ्यात जी चीर पाणी बाहेर सोडते तीच पावसाळ्यात पाणी आत घेते. टाकीतली पातळी बाहेरच्या जमिनीतल्या पाण्यापेक्षा वर असली की गळती बाहेर. पाऊस पडून जमिनीतलं पाणी वर आलं आणि सकाळी सगळ्यांनी पाणी वापरून टाकी खाली गेली की तीच गळती उलटी. आणि बाहेरचं पाणी म्हणजे पार्किंगमधलं, ड्रेनेज चेंबरमधलं. उन्हाळ्यात तुमचं पाणी वाया जातं म्हणून मी काळजी करत नाहीये हो, पावसाळ्यात काय पिताय याची काळजी आहे.

मुग्धा_
हे वाचून आमच्या इमारतीचं सांगायलाच हवं. तीन वर्षांपूर्वी ऐन पावसात तीन घरांत लहान मुलांची पोटं बिघडली. सगळे म्हणाले साथ आहे. पण तक्रार फक्त सकाळच्या पाण्याची होती, सकाळी साडेआठनंतर नळाला वास यायचा आणि दुपारी यायचा नाही. आम्ही वरची टाकी दोनदा धुतली, तरी तेच. मग एका प्लंबरने विचारलं की खालची टाकी सकाळी किती रिकामी होते, तर जवळजवळ अर्ध्याच्या खाली जायची. दुपारी पाणी आलं की पुन्हा भरायची.

त्याने रात्री चाचणी घेतली, अगदी वर लिहिलीय तशी. ११ ते ५ मध्ये अडीच सेंटीमीटर उतरली. मग त्याने टाकी भरू न देता आणखी दोन दिवस टँकरवर काम चालवून पातळी बघत ठेवली. पातळी रोज कमी वेगाने उतरत गेली आणि एका ठिकाणी थांबली. तो म्हणाला पाणी जिथे थांबलं तिथेच भोक, त्याच्या खाली टाकी चांगली आहे. टाकी उपसून त्या उंचीवर बघितलं तर पंपाचा पाइप भिंतीतून जातो तिथलं सिमेंट सुटलं होतं, बोट जाईल एवढी फट. आणि त्याच बाजूला साधारण सहा-सात फुटांवर ड्रेनेजचा चेंबर, तो अर्धा चोक होता म्हणून पाणी तुंबून कडेच्या विटांतून झिरपत होतं.

चेंबर मोकळा केला, विटांना आतून प्लास्टर केलं, पाइपभोवतीचं सिमेंट फोडून न आकसणारं ग्राउट भरलं. त्यानंतर वास गेला तो गेलाच. त्या वर्षापासून आम्ही टाकी तीन महिन्यांनी धुतो, आणि खरं सांगायचं तर आज हे लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं की आम्ही ती चाचणी पुन्हा कधी केलीच नाही. नुसतं धुतोय. या रविवारी करते.

गच्चीवाला
मुग्धाताई, हे सोन्यासारखं लिहिलंत. "पाणी जिथे थांबलं तिथे भोक" हे मी आमच्या पंपरूममध्ये लिहून लावणार.

अण्णा_सिव्हिल
थोडी भर. पातळी थांबली म्हणजे भोक तिथेच हे तेव्हाच खरं जेव्हा बाहेरची जमीन कोरडी असते. ऐन पावसात बाहेरचं पाणी त्याच उंचीवर असेल तर पातळी त्यामुळेही थांबते. मुग्धाताईंच्या प्लंबरला बरोबर सापडलं, पण ही चाचणी उन्हाळ्याच्या शेवटी घ्यावी. आणि पावसात दुसरी चाचणी उलटी घ्यावी, टाकी मुद्दाम खालपर्यंत आणून येणारं पाणी बंद ठेवून रात्रभर पातळी चढते का ते बघायचं. चढली तर आत येतंय. (पण पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब असेल तर वरच्या टाकीचं पाणीही खाली उतरतं, तेव्हा पंपाच्या डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करूनच.)

पाइपभोवती भरलेल्या ग्राउटबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. नुसतं ग्राउट काही वर्षांत पुन्हा सुटतं कारण पंप चालू-बंद होताना पाइप हलतो. पाइपला दोन्ही बाजूंनी क्लँप हवा, नाहीतर पाइप टाकीच्या वरून घ्यावा.

पानापक्कड
अण्णा, क्लँप मान्य. पाइप वरून घेणं प्रत्येक पंपाला जमत नाही, टाकीबाहेरचा पंप असेल तर सक्शन वर चढवल्यावर पाइपच्या खालच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या फूटव्हॉल्व्हने जरासा दगा दिला की पंप रोज हवा धरेल. मी तरी फट नीट दोन इंच खोल फोडून भरतो आणि दरवर्षी तपासतो.

अण्णा_सिव्हिल
दरवर्षी तपासणारा माणूस असेल तर ठीक. सेक्रेटरी बदलला की तपासणी बंद होते हा माझा अनुभव.

नवासचिव
म्हणूनच वेळापत्रक करतोय अण्णा.

आजच मोजलं, आमची टाकी बरोब्बर ३ बाय अडीचच आहे, खोली २ मीटर, म्हणजे १५ हजार लिटर. या शनिवारी रात्री चाचणी घेतो. आता धुण्याबद्दल सांगा, धुणारे लोक म्हणतात आम्ही पावडर टाकतो. किती टाकायची?

जलबिंदू
आम्ही धुतल्यावर टाकी भरली की दोन किलो ब्लीचिंग पावडर टाकतो. अजून कुणाला काही झालेलं नाही.

पानापक्कड
@जलबिंदू, दोन किलो १५ हजार लिटरमध्ये टाकलीत आणि पावडर ताजी असली, म्हणजे तिच्यात पाव भाग क्लोरीन धरला, तर लिटरला ३३ मिलिग्रॅम होतात. पिण्याच्या पाण्यात उरलेला क्लोरीन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असावा. ३३ चं पाणी टाकी निर्जंतुक करायला ठेवतात आणि मग सगळं सोडून देतात, ते घरात जाऊ द्यायचं नसतं. तुमच्याकडे कुणाला काही झालं नाही याचं कारण बहुतेक पावडर जुनी. उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत महिन्या दोन महिन्यांत दम सोडते.

एवढं पाणी वाया घालवायची गरज नाही. टाकी उपसा, गाळ काढा, भिंती आणि तळ कडक ब्रशने घासा, वरचा स्लॅबसुद्धा. साबण सोडा काही नको. मग ५० लिटरच्या ड्रममध्ये ४० ग्रॅम ताजी पावडर कालवायची, अर्धा तास ठेवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी भिंतींना मारायचं. हे लिटरला २०० मिलिग्रॅमचं होतं. माणूस बाहेर काढून अर्धा तास तसंच ठेवा, मग साध्या पाण्याने धुऊन ते पाणी उपसून टाका. वरच्या टाकीलाही हेच. खालची आधी, वरची नंतर, नाहीतर धुतलेल्या वरच्या टाकीत न धुतलेलं पाणी चढेल. तुम्ही "खालची आणि वरची" लिहिलंय ते बरोबर आहे, तोच क्रम ठेवा.

वायरमन_दादा
पानापक्कडकाका, मधेच येतो पण हे आधी लिहायला हवं, कुणीही टाकीत उतरायच्या आधी पंपाची लाइन तोडा. पॅनेलवरचं बटण बंद करणं म्हणजे तोडणं नाही. पातळी खाली गेल्यावर ऑटो सिस्टिम आपोआप पंप चालू-बंद करत असते, आणि कुणीतरी वरून पाणी नाही म्हणून खाली येऊन बटण दाबतंच. मेन आयसोलेटर बंद, फ्यूज असतील तर फ्यूज काढून आत उतरणाऱ्याच्या खिशात. सबमर्सिबल असेल तर हे अगदी न चुकता. आत उजेडासाठी वायर सोडून दिवा लोंबवू नका, बॅटरीचाच दिवा घ्या. ओल्या टाकीत उभ्या माणसाला २३० व्होल्ट सुटायची संधी देत नाही.

मी एका माणसाला असा बाहेर काढताना पाहिलंय. तो वाचला. पण तेव्हापासून मी टाकीचं काम आहे म्हटलं की आधी फ्यूज मागतो.

पानापक्कड
वायरमन दादा, अगदी खरं. आणि त्यात हेही जोडतो, दोन्ही झाकणं किमान तासभर आधी उघडी ठेवा, आत एकटा माणूस कधीही नको, वर दुसरा हवा ज्याची नजर सतत आतवर असेल. आतला चक्कर येऊन पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. त्यासाठीच कमरेला दोर बांधून उतरवायचं आणि दोराचं टोक वरच्याच्या हातात.

नवासचिव
हे दोन्ही प्रतिसाद प्रिंट काढून टाकी धुणाऱ्यांना देतो आणि स्वतः उभा राहतो. गेल्या वर्षी एकच पोरगा आत होता आणि बाकीचे चहाला गेले होते, मी गॅलरीतून बघितलेलं आठवतंय. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

वायरमन दादा, वायरिंगचं काय? मी गुरुवार लिहिलाय.

वायरमन_दादा
तुमच्या गुरुवारात दोन वेगवेगळ्या ऋतूंची कामं आहेत.

अर्थिंग उन्हाळ्याच्या अगदी शेवटी मोजा, माती सगळ्यात कोरडी असताना. अर्थिंग तेव्हाच सगळ्यात वाईट असतं, तेव्हा चांगलं आलं तर वर्षभर चांगलं. पावसात मोजलंत तर ओल्या मातीमुळे कसंही अर्थिंग छान दिसतं.

याउलट वायरचं इन्सुलेशन पावसात तपासा. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावून कोरड्या दिवसात मोजलं तर सगळं उत्तम येतं. ओल शिरली की खरं कळतं. पार्किंगचे दिवे, गेटचा दिवा, गच्चीवरची लाइन, पंपाची केबल, या चार ठिकाणी.

रानवाट
अर्थिंगच्या खड्ड्यात मोजायच्या आदल्या दिवशी दोन बादल्या पाणी आणि मीठ टाकायचं, आमचा इलेक्ट्रिशियन तसंच करतो, रीडिंग एकदम चांगलं येतं.

वायरमन_दादा
@रानवाट दादा, येणारच की. पण रीडिंग चांगलं यावं म्हणून मोजतोय का आपण? शॉक लागायचा तो दिवस आदल्या दिवशी पाणी घालून येत नाही. आधी आहे तसं मोजा, लिहून ठेवा, मग पाणी घाला. उन्हाळाभर पाणी नियमित घालणार असाल तर गोष्ट वेगळी, ते चांगलंच आहे.

अनिकेत_७७
आमच्याकडे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या ईएलसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबतात, ट्रिप होतं, म्हणजे अर्थिंग ओके ना? वेगळं मोजायची गरज काय?

वायरमन_दादा
महिन्याला दाबता ही फार चांगली सवय, सोडू नका. पण ते बटण फक्त ईएलसीबीचं यंत्र चालतंय का हे सांगतं. अर्थची वायर पूर्ण तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर ते ट्रिप होईल. अर्थिंग वेगळंच मोजावं लागतं.

अनिकेत_७७
अरे बापरे. हे माहीत नव्हतं, आम्ही चार वर्षं निर्धास्त होतो.

अजून एक विचारतो. आमचं कॉमन मीटरचं ईएलसीबी दर पहिल्या मोठ्या पावसात पडतं. जिना अंधारात, पंप बंद. इलेक्ट्रिशियनने सगळे एमसीबी बंद करून बघितले तरी पडतंच, म्हणून म्हणाला ईएलसीबीच खराब आहे, बदललं, तरीही पडतं. आता तो म्हणतोय १०० मिलिअँपचं टाकू, ३० चं फार नाजूक आहे.

वायरमन_दादा
टाकू देऊ नका. ३० चं ईएलसीबी माणूस वाचवायला असतं, १०० चं मुख्यतः आग टाळायला. पडतंय म्हणजे ते त्याचं काम करतंय.

एमसीबी बंद करूनही पडतं याचं कारण बहुधा हे की तुमचे एमसीबी सिंगल पोल आहेत, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कुठेतरी न्यूट्रल ओल्या भिंतीला किंवा अर्थला टेकतोय आणि तिथून करंट पळतोय. तेव्हा पावसाच्या दिवशी, मेन बंद करून, प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल बारमधून सोडवायचा, मेन चालू करायचं, मग एकेक सर्किट जोडत जायचं, प्रत्येक वेळी मेन बंद करूनच. ज्याच्या जोडणीला पडलं ते सर्किट. माझ्या अनुभवात दहातल्या बऱ्याच वेळा गेटचा किंवा कंपाउंडचा दिवा निघतो, त्याच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी साठलेलं असतं. हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, स्वतः नको.

अनिकेत_७७
गेटचा दिवा गेल्याच वर्षी नवीन लावलाय आणि बॉक्सला झाकण नाही, प्लास्टिकची पिशवी बांधलीय. सापडलं बहुतेक. कळवतो.

मुग्धा_
पेस्ट कंट्रोलचं वाळवीपुरतंच बोलणं झालं. डासांचं सांगते. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेघेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी आलं की पुन्हा फुटतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भरणं पुरत नाही, घासावीच लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस, त्यामुळे पावसाळ्यात आम्ही दर रविवारी गच्ची, डक्ट आणि कुंड्यांच्या ताटल्या बघतो. धूर मारणं थांबवलंय, पैसे वाचले आणि डास वाढलेले नाहीत. ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला बारीक जाळी मात्र हवीच.

गच्चीवाला
धुराबद्दल असहमत ताई. आमच्याकडे धुरानंतर दोन दिवस खरंच आराम असतो.

मुग्धा_
दोन दिवस असतो, मान्य. तिसऱ्या दिवशी डक्टमधल्या अळ्यांचे डास होतात.

मैथिली_उत्तर
मी जिथे राहते तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा. त्यामुळे महिने लिहिलेलं वेळापत्रक मला उपयोगी नाही, पण वर जे निघालंय ते मात्र जसंच्या तसं लागू पडतं. जमीन कोरडी असताना गळती आणि अर्थिंग, ओली असताना टाकीत आत येणारं पाणी आणि वायरचं इन्सुलेशन. नवासचिव, तुम्ही तारखांऐवजी असंच लिहा, पाऊस लांबला तरी बिघडणार नाही.

पण उंदीर घुशींचं कुणी बोललं नाही. पाऊस आला की बिळात पाणी शिरून त्या इमारतीत येतात आणि डक्टमधल्या केबल कुरतडतात. पाइपाभोवतीची फट लोखंडी जाळी कोंबून सिमेंटने बंद करा, नुसता फोम भरला तर कुरतडून आत येतात. हे काम पावसाआधी.

नवासचिव
शनिवारची चाचणी झाली. रात्री ११:१० ला रेघ मारली, पहाटे ५:१० ला १.६ सेंटीमीटर खाली. म्हणजे १२० लिटर सहा तासांत. पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, बागेचा नळ बंद. मी आणि वॉचमन दोघांनी पट्टी बघितली.

पेस्ट कंट्रोलवाल्याला सोमवारचं काम पुढे ढकलायला सांगितलं. तो नाराज झाला, म्हणाला वाळवीचा पंख फुटायचा हंगाम आलाय, उशीर नको. आता नवीन क्रम असा धरलाय: या आठवड्यात पातळी कुठे थांबते ते बघणं आणि त्याच आठवड्यात कोरड्या मातीत अर्थिंग मोजणं. मग टाकीची दुरुस्ती आणि धुणं, वायरमन दादांच्या फ्यूजच्या नियमाने. त्यानंतर चेंबर आणि पाइपांच्या फटी. वाळवी त्याच्याही नंतर, टाकीकडची बाजू सोडून. पावसात उलटी चाचणी आणि मेगर.

प्रश्न दोन. टाकी तीन दिवस न भरता ठेवायची तर १४ घरांना पाणी कसं द्यायचं? टँकर थेट वरच्या टाकीत चढवता येईल का? आणि अण्णा, व्हॉल्व्ह बंद असूनही तो आतून थोडं पाणी सोडत असेल तर माझा १.६ चा आकडा कमीच दिसतोय ना?

अण्णा_सिव्हिल
बरोबर पकडलंत. येणारा गेटव्हॉल्व्ह २२ वर्षांचा असेल तर तो पूर्ण बंद होतच नाही, खरी गळती १२० पेक्षा जास्त असू शकते. आत बॅटरी मारून पाइपच्या तोंडातून थेंब पडतात का बघा. पडत असतील तर आधी तो व्हॉल्व्ह बदला आणि चाचणी पुन्हा घ्या, नाहीतर पातळी चुकीच्या उंचीवर थांबेल आणि तुम्ही चांगली भिंत फोडून बसाल.

पानापक्कड
टँकरचं पाणी वर चढवायला तात्पुरता पंप आणि ड्रम लावता येतो, पण १४ घरांना ते जड जाईल. टाकीला मधे भिंत आहे का हे बघा. बऱ्याच टाक्या दोन भागांत असतात, मधला व्हॉल्व्ह गंजून उघडाच राहिलेला असतो म्हणून कुणाला माहीत नसतं. तसं असेल तर एका भागावर पाणी चालू ठेवून दुसरा तपासता येईल, आणि गळतीही कुठल्या भागात ते आपोआप कळेल.

नवासचिव
झाकणं दोन आहेत! म्हणजे भिंत असू शकते. उद्या सकाळी वॉचमनला घेऊन बघतो आणि इथे लिहितो.